‘४१ वर आलेत’ : दुसऱ्यांच्या ग्रुपमधला विनोद आपल्याला का कळत नाही, आणि त्याचं मूळ कसं शोधायचं

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधला हा स्क्रीनशॉट आहे. तिथे हिशेबाचं काम बघणाऱ्या मुलीने तो पुण्यातल्या मावसबहिणीला पाठवला आणि खाली हसून डोळ्यांत पाणी आलेले चार-पाच चेहरे टाकले. मावसबहिणीला मात्र त्यात हसण्यासारखं काही सापडेना. माणसांची नावं बदलून संभाषण देते.

ग्रुपचं नाव : वरचा मजला
१४ मार्च २०२४
नीलम (१०:०४) : आज किती?
उजवीकडे, हिरव्या चौकटीत (१०:०४) : ४१ वर आलेत
प्रमोद गोडाऊन (१०:०५) : कोयना?
उजवीकडे (१०:०६) : सोडलंय सकाळीच
नीलम (१०:०६) : मी सामान वर घेते 😂
उजवीकडे (१०:३१) : ४४
प्रमोद गोडाऊन (१०:३१) : मी विश्रामबागला
नाव सेव्ह नसलेला नंबर (१०:३३) : खरंच वाढलंय का पाणी?? मार्चमध्ये?

एकही शब्द अवघड नाही. सगळं रोजच्या बोलण्यातलं मराठी आहे, तरी बाहेरच्याला त्यातून काही लागत नाही. मग अडतं कुठे, ते आधी बघू.

नेमकं काय गळून पडतं

माणसं एकमेकांशी सतत बोलत राहिली की बोलणं आखडत जातं. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट क्लार्क आणि डिॲना विल्क्स-गिब्ज यांनी १९८६ साली याचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन माणसांना एकमेकांना दिसणार नाही असं बसवलं. दोघांपुढे तुकडे जुळवून केलेल्या त्याच १२ विचित्र आकृत्या. एकाने नुसतं बोलून दुसऱ्याकडून त्या ठरलेल्या क्रमाने लावून घ्यायच्या, आणि असं सहा वेळा करायचं. पहिल्या फेरीत एका आकृतीचं वर्णन करायला सांगणाऱ्याला सरासरी ४१ च्या आसपास शब्द लागले. सहाव्या फेरीत आठ पुरले. ‘हात पसरून बर्फावर घसरत चाललेला माणूस’ असं लांबलचक वर्णन शेवटी दोन शब्दांवर आलं, आणि दोघांना ते पुरेसं होतं.

आपल्या कामाचा प्रयोग त्याच्या पुढचा आहे. १९८९ मध्ये मायकेल शोबर आणि क्लार्क यांनी तसंच संभाषण तिसऱ्या माणसाला ऐकवलं. त्याने पहिल्या फेरीपासून सगळं ऐकलं, तरी आकृत्या ओळखण्यात तो संभाषणातल्या जोडीदारापेक्षा मागेच राहिला. कारण जोडीदाराला मधेच थांबवता येत होतं. ‘कुठला, तो वाकलेला का?’ असं विचारून तो स्वतःपुरतं पक्कं करून पुढे जायचा. ऐकणाऱ्याला तशी सोय नव्हती. दोघांचं समाधान झालं की गाडी पुढे जायची, याचं झालं की नाही हे विचारायला कुणी थांबत नव्हतं.

स्क्रीनशॉट बघणाऱ्याची स्थिती याहून अवघड असते. आधीच्या पाच फेऱ्या त्याच्यापर्यंत आलेल्याच नसतात, त्याच्या हातात थेट सहावी पडते. शिवाय एका दुकानात काम करणाऱ्यांचं अर्धं बोलणं समोरासमोर होतं. चहाच्या टपरीवर, वजनकाट्यापाशी, जेवणाचा डबा उघडताना. ग्रुपवर येतो तो उरलेला तुकडा. म्हणून ग्रुपमधला अख्खा मजकूर हाती लागला तरी मूळ त्यात असेलच असं नाही, हे सुरुवातीलाच धरून चालावं.

आता मूळ शोधायला लागू. खालच्या पायऱ्या याच क्रमाने कराव्यात. बहुतेक लोक थेट तिसरीवर उडी मारतात आणि पहिल्याच सुचलेल्या अर्थाला चिकटून बसतात.

पहिली पायरी : मजकूर बाजूला ठेवून चित्र वाचा

उजवीकडच्या हिरव्या चौकटी स्क्रीनशॉट काढणाऱ्याच्या. म्हणजे इथे आकडे देणारी व्यक्ती आणि चित्र पाठवणारी व्यक्ती एकच आहे. ती नुसती बघी नाही, विनोदाची मुख्य खेळाडू आहे. तेव्हा विचारायचं तर तिलाच. हीच गोष्ट दहा ग्रुप फिरून आलेल्या स्क्रीनशॉटमध्ये नसते. तिथे पाठवणाऱ्यालाही अर्थ माहीत नसण्याची शक्यता मोठी.

डावीकडची नावं त्या माणसांनी स्वतः घेतलेली नसतात, काढणाऱ्याच्या फोनमध्ये ती जशी सेव्ह केलेली असतात तशी दिसतात. ‘प्रमोद गोडाऊन’ हे नाव म्हणूनच मोलाचं. या दोघांची ओळख कामावरची आहे आणि त्या कामात गोडाऊन आहे, एवढं एका नावावरून कळलं. शेवटचा संदेश नुसत्या नंबरावरून आला आहे, म्हणजे काढणारीने तो माणूस अजून सेव्ह केलेला नाही. तो नवा असावा.

मग तारखेची पट्टी बघा. ताज्या संदेशांवर व्हॉट्सॲप ‘आज’, ‘काल’ असं दाखवतं, त्या आठवड्यातल्या संदेशांवर वाराचं नाव, आणि त्याहून जुन्यांवर पूर्ण तारीख. इथे पूर्ण तारीख आहे. म्हणजे घडलं त्या दिवशी स्क्रीनशॉट काढलेला नाही, निदान आठवडाभराने कुणीतरी मागे सरकवत जाऊन मुद्दाम हा भाग शोधला. असं शोधून काढलेलं संभाषण बहुधा विनोदाचा जन्म नसतं, तो विनोद सगळ्यात रंगला तो दिवस असतो. जन्म त्याच्या आधी शोधायचा.

वेळाही बोलतात. ‘आज किती?’ या प्रश्नाला त्याच मिनिटाला उत्तर आलं. ‘कशाचं किती?’ असं कुणी विचारलं नाही. म्हणजे प्रश्न रोजचा, सरावाचा. सकाळी दहाची वेळ दुकान उघडण्याची. आणि १०:०६ नंतर थेट १०:३१. मधली पंचवीस मिनिटं ग्रुपबाहेर काहीतरी घडत होतं.

दुसरी पायरी : खटकणारे शब्द वेगळे काढा आणि त्यांची क्रियापदं बघा

या पायरीवर मराठी वाचणाऱ्याला एक मोठी सोय आहे आणि तिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. आपल्या भाषेत कर्ता गाळला तरी क्रियापद त्याची खूण ठेवून जातं. विनोद करणारा माणूस कुणाबद्दल बोलतोय ते लपवतो, पण क्रियापदाचा शेवट लपवायचं त्याच्या लक्षात राहत नाही.

आपल्या नमुन्यात खटकणारे तुकडे पाच : आकडे, ‘कोयना’, ‘सोडलंय’, ‘सामान वर घेते’ आणि ‘विश्रामबाग’. त्यातले क्रियापदवाले आधी घेऊ.

‘सोडलंय’ हे नपुंसकलिंगी आहे. इथे कोयना म्हणजे कोयना एक्सप्रेस असेल असं कुणाला वाटेल, कारण ती गाडी सांगलीवरून जाते. पण गाडी ‘सुटली’ म्हणतात, ‘सोडलंय’ नाही. सोडतात ते पाणी, धरणातून. एक रस्ता बंद झाला.

आता ‘४१ वर आलेत’ बघा. पाण्याबद्दल बोलायचं असतं तर ‘४१ वर आलंय’ झालं असतं. ‘आलेत’ हे अनेकवचन आहे. अनेकवचन दोन कारणांनी येतं. एक तर माणसं खरंच अनेक आहेत, किंवा माणूस एकच आहे आणि त्याला आपण ‘अहो’ म्हणतो. अनेक असती तर ‘४१ जण आलेत’ असं काहीतरी आलं असतं. ‘४१ वर’ ही पातळी आहे, आणि पातळीवर एक कुणीतरी चढतोय ज्याचा मान ठेवावा लागतो.

म्हणजे एकाच संभाषणात पाणीही आहे आणि मानाचा माणूसही. बोलतायत पाण्याचं, मनात आहे माणूस. विनोदाचा सांधा इथे सापडला, अजून एकाही आकड्याचा अर्थ न लावता.

तिसरी पायरी : कुठला शब्द किती लोकांना कळेल ते ठरवा

प्रत्येक खटकणाऱ्या शब्दापुढे एकच प्रश्न लिहा : हा गावाला कळतो, धंद्याला कळतो की फक्त ग्रुपला? गावाचे शब्द बाहेरच्यालाही शोधता येतात. ग्रुपचे नाही येत. आधी शोधता येणारे संपवावेत.

‘आज किती?’ हा प्रश्न सांगलीत पावसाळ्यात घराघरांत विचारला जातो. उत्तर असतं ते कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजलेल्या पाण्याच्या पातळीचं, फूट आणि इंचात. ४० फुटांवर इशारा पातळी, ४५ वर धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्यामुळे सांगलीकराला हे आकडे पाठ करावे लागत नाहीत. ३८ ला तो शांत असतो, ४१ ला जिन्याकडे बघतो, ४४ ला कागदपत्रांची पिशवी बांधतो. नदीकाठच्या घरांत आणि दुकानांत ‘सामान वर घेणं’ म्हणजे खालच्या मजल्यावरचं वरच्यावर नेणं. विश्रामबाग हा नदीपासून लांबचा, उंचावरचा भाग. पुराच्या दिवसांत लोक तिकडच्या नातेवाइकांकडे जातात.

कोयना धरण सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात आहे. त्याची साठवण क्षमता १०५ टीएमसी. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि ते पाणी पुढे सांगलीला येतं. म्हणून कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की सांगलीत लोक सावध होतात. पाणी लगेच येत नाही, मधे वेळ जातो, पण येतं.

इथे एक पडताळा करता येतो. फुटांचे असेच आकडे कोल्हापुरातही बोलले जातात. तिथे पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर बघतात आणि इशारा ३९ ला, धोका ४३ ला असतो. संभाषण कोल्हापूरचं असतं तर ४४ म्हणजे धोका ओलांडलेला, आणि ‘कोयना?’ऐवजी ‘राधानगरी?’ असा प्रश्न आला असता. सांगलीच्या मोजणीत ४४ हे धोक्याला एक फूट कमी आहे. अजून फुटलेलं नाही, पण फुटायला आलंय. ग्रुप कुठल्या गावचा हे ठाऊक नसेल तेव्हा असे आकडे आणि धरणांची नावं गाव ओळखून देतात.

एवढं झाल्यावर सगळे शब्द कळले, तरी विनोद कळलेला नाही. शेवटचा संदेश बघा. ‘खरंच वाढलंय का पाणी?? मार्चमध्ये?’ लिहिणाऱ्याला आकड्यांचा अर्थ कळतो, तो इथलाच आहे. पण दुकानात नवा आहे. तो गावाच्या वर्तुळात आहे आणि ग्रुपच्या वर्तुळाबाहेर. असा मधल्या कडीवरचा माणूस स्क्रीनशॉटमध्ये सापडला तर त्याचा प्रश्न नीट वाचावा. दोन वर्तुळांची हद्द कुठे आहे ते त्याच्या प्रश्नात दिसतं. हा मुलगा पाण्यापाशी अडकला आहे, म्हणजे पाणी ही ग्रुपची गुप्त गोष्ट नव्हे. गुप्त आहे ते पाणी म्हणजे कोण.

चौथी पायरी : निदान तीन अंदाज बांधा आणि मोडून बघा

एकच अंदाज बांधला की सगळं त्यातच बसवायची ओढ लागते. म्हणून मुद्दाम तीन घ्यावेत.

पहिला, खरा पूर. मार्च महिना तो लगेच मोडतो. कृष्णेला पूर येतो तो पावसाळ्यात. ‘आलेत’ही त्यात बसत नाही.

दुसरा, उन्हाळ्याचा पारा. मार्चमध्ये सांगलीत तापमानाची चर्चा असते आणि ४१ हा आकडा कानाला ओळखीचा वाटतो. पण सकाळी दहाच्या सुमाराला २७ मिनिटांत तीन अंश वाढ कशी होईल? शिवाय उन्हाला घाबरून कुणी सामान वर नेत नाही. हा अंदाज आकड्यापुरता जुळतो, बाकी ओळींत मोडतो. असे अंदाज फार फसवतात, कारण पहिली ओळ छान बसते आणि आपण पुढच्या तपासतच नाही.

तिसरा, दुकानातल्या मोठ्या माणसाचा राग. आता प्रत्येक ओळीत तो अर्थ ठेवून वाचा. ‘आज साहेबांचा पारा किती?’ ‘इशाऱ्यावर आलेत.’ ‘वरून काही आलं का?’ ‘सकाळीच आलंय.’ ‘मी माझं आवरून, लपवून घेते.’ पंचवीस मिनिटांनी : ‘आता फुटणार.’ ‘मी निघालो सुरक्षित जागी.’ एकही ओळ अडत नाही. १०:०६ ते १०:३१ मधली शांतताही बसते, कारण वर सोडलेलं पाणी खाली पोहोचायला वेळ लागतोच. ग्रुपचं नाव ‘वरचा मजला’ का, तेही उलगडतं. पुरात सामान जिथे सुरक्षित असतं ती जागा. मालक त्या ग्रुपमध्ये नसणार, हे ओघानेच आलं.

अंदाज खरा ठरण्याची कसोटी हीच : सगळ्या ओळी, वेळा आणि गटाचं नाव एकाच अर्थाने लागले पाहिजेत. एक जरी ओळ ओढूनताणून बसवावी लागली तर थांबा आणि दुसरा अंदाज घ्या.

तरी एक गोष्ट उरते. ‘कोयना’ म्हणजे नेमकं काय? ते कुठून तरी वरून येतं, सकाळी सुटतं आणि थोड्या वेळाने साहेबांना चढवतं, इथपर्यंत आपण पोहोचतो. तो घरचा फोन आहे, थोरल्या भावाचा, बँकेचा की एखाद्या व्यापाऱ्याचा, हे या चित्रातून कधीच कळणार नाही. कागदावर लिहिताना तीन रकाने करावेत : पक्कं, बहुधा, आणि इथून कळणार नाही. सांगली आणि आयर्विन पक्कं. साहेबांचा राग बहुधा. कोयना तिसऱ्या रकान्यात. हा तिसरा रकाना रिकामा राहिला तर मला तो तपास कच्चा वाटतो, कारण ग्रुपच्या विनोदात चित्राबाहेरचं काहीतरी असतंच.

पाचवी पायरी : विचारा, पण अर्थ विचारू नका

‘याचा अर्थ काय गं?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘काही नाही, आमचं असंच चालू असतं.’ सांगणाऱ्याला आठ शब्दांतलं बोलणं पुन्हा ४१ शब्दांत उलगडायचा कंटाळा येतो, आणि उलगडलं की त्यातली गंमतही जाते. त्यापेक्षा काळ विचारा : ‘ताई, हे “आज किती” तुमच्यात कधीपासून सुरू झालं?’ या प्रश्नाला माणूस अर्थ सांगत नाही, घडलेलं सांगतो. दुसरा चांगला प्रश्न म्हणजे आपला अंदाज अर्धा पुढे ठेवणं : ‘४५ झाले की काय होतं?’ अंदाज बरोबर असेल तर समोरची हसून पुढचं बोलते. चूक असेल तर ती लगेच दुरुस्त करते. दोन्हींत आपलं काम होतं.

इथे पुण्याच्या बहिणीने तेच केलं. कळलं ते असं. २०१९ च्या पुरात दुकानातली माणसं रोज सकाळी एकमेकांना ‘आज किती?’ विचारायची आणि त्याप्रमाणे वह्या, पोती वर हलवायची. पाणी ओसरलं, प्रश्नाची सवय राहिली. पुढे एका सकाळी मालक तापलेले असताना कुणीतरी केबिनच्या दाराकडे बघून तोच प्रश्न विचारला आणि दुसऱ्याने ‘४२’ म्हटलं. ग्रुप त्यानंतर निघाला. ‘कोयना’ म्हणजे कऱ्हाडला राहणाऱ्या मालकांच्या वडिलांचा फोन. तो आला की पातळी वाढायचीच. हा शेवटचा धागा दारापाशी बोलला गेला होता, ग्रुपवर तो कधी लिहिलाच नव्हता.

ग्रुपमधल्या कुणाची तयारी असेल तर तारीखही पक्की करता येते. ग्रुप उघडून शोधमध्ये ‘आज किती’ टाकायचं आणि सगळ्यात जुन्या निकालापर्यंत जायचं. पण हा शोध त्या फोनवर जेवढा मजकूर आहे तेवढाच घेतो. नंतर ग्रुपमध्ये आलेल्याला आधीचं सहसा दिसत नाही, आणि बॅकअप न घेता फोन बदललेल्याचं जुनं गेलेलं असतं. म्हणून ग्रुप सुरू करणाऱ्याच्या फोनवर शोधलेलं बरं. पहिला निकाल सापडला की त्याच्या वरचे दहा-पंधरा संदेश वाचावेत. तिथे सगळे एकदम हसले असतील आणि कुणीच काही विचारलं नसेल, तर जन्म त्याआधी, ग्रुपबाहेर झालेला आहे. ‘म्हणजे?’ असा प्रश्न आणि त्याचं उत्तर दिसलं, तर जन्म तिथेच.

काही फसवे प्रकार

स्क्रीनशॉट कापलेला असतो हे विसरू नये. वरची ओळ अर्धी दिसत असेल किंवा खाली उजवीकडे गोलात खाली जाणारा बाण असेल, तर संभाषण पुढे चालू आहे आणि गंमत कदाचित तिथे आहे. मजकुराशेजारी ‘संपादित’ असं असेल तर हसू मूळच्या चुकीच्या शब्दाला आलेलं असू शकतं, जो आता दिसतच नाही. व्हॉट्सॲपवर संदेश पाठवल्यावर १५ मिनिटं तो बदलता येतो. खोटं संभाषण बनवून देणारी साधनंही आहेत, तेव्हा अनोळखी ठिकाणाहून आलेल्या चित्रावर एवढा तपास खर्च करू नये.

आणि अर्थ लागला की आधी बघावं, विनोद कुणावर आहे. इथे तो मालकांवर आहे. सांगली-मिरजेत कुणाचा कोण लागतो हे सांगता येत नाही. हा स्क्रीनशॉट उलगड्यासकट पुढे पाठवला तर संध्याकाळपर्यंत तो मालकांच्या घरी पोहोचू शकतो, आणि नोकरी तिघांची जाईल. न उलगडलेला विनोद निरुपद्रवी असतो. उलगडलेला स्वतःपाशी ठेवावा, आणि पाठवणारीला एवढंच लिहावं : ‘कळलं. आज किती?’